फोटोतली बाई नको, साडी लिहा



आजचा पाठ शिवणकाम करणाऱ्या गटांसाठी आहे. त्याची सुरुवात आमच्याच गटाच्या ऑर्डर वहीतल्या एका ओळीपासून करते. शाळेच्या गॅदरिंगसाठी एक बाई मोबाईलमध्ये जुन्या सिनेमाचा फोटो घेऊन आल्या होत्या. सहा मुली नाचणार होत्या आणि सहा साड्या शिवून हव्या होत्या. मी फोटो पाहिला, मान डोलावली आणि वहीत लिहिलं: "मुमताज साडी, केशरी, ६ नग."

दुसऱ्या दिवशी कापड आणायला तालुक्याला गेली आमची दुसरी ताई. तिनं फोटो पाहिलेलाच नव्हता. तिनं वही वाचली, दुकानदाराला केशरी कापड मागितलं आणि साडेपाच मीटरप्रमाणे सहा साड्यांचं ३३ मीटर घेऊन आली. कापड चांगलं होतं, पण ताठ. अंगावर घेतलं की फुगायचं. रंग झेंड्यासारखा भगवा. आणि कापणाऱ्या ताईच्या डोक्यात तिसरीच साडी होती, समोर निऱ्यांची. तिनं दोन साड्यांना कात्री लावल्यावर चूक कळली. कापलेलं कापड दुकानदार परत घेत नाही. त्या ऑर्डरमध्ये आम्हाला मजुरीसुद्धा सुटली नाही.

चूक कापड आणणारीची नव्हती आणि कापणारीचीही नव्हती. चूक माझ्या त्या ओळीत होती. मी साडी लिहिलीच नव्हती, बाईचं नाव लिहिलं होतं.

नावात काय नसतं

गिऱ्हाईक नेहमी नटीचं नाव घेऊनच येणार. "माधुरीसारखा ब्लाउज", "दीपिकासारखा घागरा" असंच ते बोलणार आणि त्यात काही वावगं नाही. पण एका सिनेमात एकच नटी दहा-पंधरा कपडे बदलते. तुम्हाला एक आठवतो, कापणारीला दुसरा. लहान वयाच्या मुलीला तर जुन्या नटीचं नावच माहीत नसतं. शिवाय नाव घेतलं की डोळ्यांसमोर चेहरा येतो, केस येतात, नाच येतो. गळा किती खोल होता आणि बाही होती का, हे कुणाला आठवत नाही.

आमच्या फोटोतली साडी होती "ब्रह्मचारी" या १९६८ च्या हिंदी सिनेमातली. त्यात पार्टीतल्या नाचात मुमताजनं नारिंगी साडी नेसली आहे आणि आजही लोक तिला "मुमताज साडी" म्हणतात. ती तयार केली होती भानू अथैया यांनी. या मूळच्या आपल्या कोल्हापूरच्या. पुढे "गांधी" सिनेमाच्या कपड्यांसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

ही साडी नेहमीसारखी नेसलेली नाही, ती शिवलेली आहे. नाचताना सुटू नये आणि पटकन घालता यावी म्हणून तिला चेन लावली होती. आता बघा, "मुमताज साडी" या दोन शब्दांत ना ती शिवण आहे ना चेन. म्हणून नाव गिऱ्हाइकाच्या तोंडी राहू द्या. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: बेत, कापड, रंग. आणि चौथी ओळ, फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींची.

आधी फोटो नीट घ्या

गिऱ्हाइकानं दाखवलेला फोटो बहुतेक वेळा नाचतानाचा, हललेला असतो. गाणं मोबाईलवर लावा आणि तीन ठिकाणी थांबवून फोटो घ्या. एक, बाई सरळ समोर उभी आहे आणि डोक्यापासून पायापर्यंत दिसते. दोन, खांदा आणि गळा जवळून दिसतो. तीन, पाठ किंवा बाजू दिसते. मिळाली तर पाठीची बाजू नक्की घ्या, कारण ब्लाउजची निम्मी शिवण तिकडेच असते.

बेत: वरून खाली लिहा

लिहिताना खांद्यापासून सुरुवात करायची आणि पायाशी संपवायचं. मध्ये उड्या मारल्या की काहीतरी राहतंच. प्रत्येक जागी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे अंगावर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं?

आपल्या फोटोत वरून सुरू करू. ब्लाउजला बाही नाही, खांदा उघडा आहे. इथे नुसतं "स्लीव्हलेस" लिहून भागत नाही. खांद्यावर पट्टी किती रुंद राहते, दोन बोटं की चार, हेही लिहा. मुंढ्याचा कट त्यावरच ठरतो. पदर मोकळा पसरलेला नाही, आवरून घेतलेला आहे. कमरेखाली समोर निऱ्यांचा झुपका नाही. साडी अंगाभोवती घट्ट गुंडाळल्यासारखी आहे आणि तिचे चमकदार काठ आडवे, थोडे तिरपे, एकाखाली एक दिसतात. या साडीची ओळख या काठांच्या ओळीच आहेत. आमच्या कापणाऱ्या ताईला "समोर निऱ्या नाहीत" एवढे तीन शब्द मिळाले असते तरी कात्री थांबली असती. म्हणून जे आहे ते लिहाच, पण जे नेहमी असतं आणि इथे नाही, तेही लिहा.

आता प्रश्न येतो मापाचा. दोन काठांमध्ये अंतर किती ठेवायचं? फोटोतलं अंतर इंचात सांगता येत नाही, पण भागात सांगता येतं. बाई सरळ समोर उभी आहे तो फोटो घ्या आणि त्यावर पट्टी ठेवा. समजा कमरेपासून घोट्यापर्यंत फोटोत ८ सेंटिमीटर भरलं आणि एका काठापासून पुढच्या काठापर्यंत २ सेंटिमीटर. म्हणजे हे अंतर त्या लांबीचा चौथा भाग झालं. वहीत लिहा: "काठ ते काठ अंतर, कंबर-घोटा लांबीचा चौथा भाग." मग ज्या मुलीची कंबर-घोटा लांबी ३६ इंच आहे तिला ९ इंचावर काठ येईल आणि जिची ३२ इंच आहे तिला ८ इंचावर. सगळ्यांना सरसकट ९ इंच धरलं तर बुटक्या मुलीचा शेवटचा काठ पायाखाली जातो.

हा हिशोब फक्त सरळ उभ्या फोटोवर करायचा. गुडघा वाकलेला असेल, बाई तिरकी उभी असेल किंवा कॅमेरा खालून असेल तर माप चुकतं. खात्री करायला दोन वेगळ्या फोटोंवर मोजा. दोन्हीकडे जवळपास तोच भाग आला तर बरोबर.

कापड: नाव नको, वागणं लिहा

फोटो बघून कापडाचं नाव सांगणारी बाई बहुतेक वेळा अंदाजच करत असते. आणि तेच नाव दोन दुकानांत दोन वेगळ्या कापडांना वापरतात. त्यामुळे "क्रेप आणा" एवढंच लिहिलं तर काय येईल सांगता येत नाही. पण कापड कसं वागतं ते फोटोत स्पष्ट दिसतं. ते पाहायच्या चार जागा सांगते.

पहिली जागा, कापड कसं पडतं. ते अंगालगत खाली उतरतं की अंगापासून लांब उभं राहतं? आपल्या फोटोतली साडी मांडीवर चिकटून बसते, कुठे फुगत नाही. म्हणजे कापड मऊ आणि पडीचं हवं. ऑर्गंझासारखं ताठ कापड इथे बाद.

दुसरी जागा, चुण्या. पदराच्या चुण्या बारीक, गोल आणि जवळजवळ असतील तर कापड पातळ आणि मऊ. मोठ्या आणि टोकदार असतील तर जाड किंवा ताठ.

तिसरी जागा, उजेड. चमक एका जागी ठळक पट्ट्यासारखी दिसली तर सॅटिनच्या जातीचं गुळगुळीत कापड. सगळीकडे सारखं आणि विझलेलं दिसलं तर सुती किंवा खरबरीत विणीचं. इथे काठ चांगला चमकतो आणि साडीचं अंग त्यापेक्षा कमी. म्हणून काठ आणि अंग वेगवेगळं लिहा. नुसतं "चमकदार साडी" लिहिलं तर सगळंच चमकीचं कापड येईल आणि काठ त्यात बुडून जाईल.

चौथी जागा, आरपार दिसतं का. कापड दोन पदरी झालं तिथे रंग गडद आणि एकेरी आहे तिथे फिका दिसत असेल तर कापड विरळ आहे आणि खाली अस्तर लागणार. अस्तराचे मीटर वेगळे धरावे लागतात, म्हणून हे कापड आणायच्या आधी ठरलं पाहिजे.

दुकानात गेल्यावर हीच तपासणी हातानं करता येते. थानाचं टोक मुठीवर टाका. मुठीच्या दोन्ही बाजूंनी सरळ खाली लोंबलं तर पडीचं कापड. छत्रीसारखं बाहेर उभं राहिलं तर ताठ. मग चिमटीत धरून चार चुण्या घाला आणि सोडा. हे करायला दहा सेकंद लागतात. आम्ही ते केलं असतं तर ३३ मीटर चुकीचं कापड आलं नसतं.

रंग: फोटोवर पटकन विश्वास नको

तिन्ही गोष्टींत रंग सगळ्यात फसवा. एक तर रंगाची नावं घरोघर वेगळी. केशरी म्हटलं की कुणाला भगवा झेंडा दिसतो, कुणाला केशराची काडी, कुणाला जिलेबी. म्हणून एका शब्दावर थांबू नका. चार गोष्टी लिहा: मूळ रंग कोणता, तो कशाकडे झुकतो, गडद की फिका, चमक आहे की नाही. आणि शेवटी सगळ्यांच्या ओळखीची एक वस्तू. आपल्या साडीसाठी असं लिहिता येईल: "नारिंगी, भगव्यापेक्षा थोडा पिवळ्याकडे, गडद नाही पण भडक, पिकलेल्या संत्र्याच्या सालीसारखा." वस्तू निवडताना सगळीकडे सारखीच दिसणारी निवडा. "आंब्यासारखा" लिहू नका, कारण आंबा हिरव्यापासून लालसर पिवळ्यापर्यंत कसाही असतो.

दुसरं म्हणजे फोटोतला रंग खरा नसतो. जुन्या रंगीत फिल्मचे रंग वर्षांनुवर्षं उतरत जातात आणि पुष्कळदा चित्र लालसर होतं. त्यामुळे एकच गाणं दोन ठिकाणी पाहिलं तर साडी एकीकडे नारिंगी आणि दुसरीकडे विटकरी दिसू शकते. त्यात मोबाईलमध्ये रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पिवळा उजेड लावलेला असेल तर सगळंच पिवळं दिसतं. आधी तो बंद करा आणि स्क्रीनचा उजेड निम्म्यावर ठेवा.

मग फोटोत पांढरी वस्तू शोधा. कुणाचा पांढरा शर्ट, टेबलावरचं कापड किंवा डोळ्यांतला पांढरा भाग. तो पांढराच दिसला तर रंगावर बऱ्यापैकी भरवसा ठेवा. पांढरं पिवळसर दिसलं तर साडीही खऱ्यापेक्षा पिवळी दिसते आहे. पांढरं गुलाबी दिसलं तर साडी खऱ्यापेक्षा लाल दिसते आहे.

रंग साडीवर कुठे बघायचा हेही ठरलेलं आहे. उजेड पडलेला चकाकता भाग घेऊ नका, चुणीतली सावलीही घेऊ नका. दोन्हींच्या मधला, सपाट भाग बघा.

एवढं करूनही शेवटचा निर्णय फोटोवर सोडायचा नाही. कापडाचे दोन-तीन तुकडे किंवा रिळाचे दोरे गिऱ्हाइकाला दिवसाच्या उजेडात, दाराबाहेर दाखवा. ती जो तुकडा निवडेल तो वहीला टाचणीनं लावा आणि खाली तिची सही घ्या. त्यानंतर तो तुकडा हाच ऑर्डरचा रंग. फोटो बाजूला.

जे दिसत नाही ते विचारा

या साडीची गंमत अशी की तिला उभी ठेवणारी चेन फोटोत दिसतच नाही. कुठल्याही सिनेमाच्या फोटोत हेच असतं. कपडा उघडतो कुठे, आत अस्तर आहे का, पदर टाचलेला आहे की शिवलेला, ब्लाउजचे हुक पुढे की मागे, यातलं काही दिसत नाही. ते मनानं ठरवून लिहायचं नाही. वहीत "दिसत नाही" असं लिहून पुढे प्रश्न लिहायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलून उत्तर भरायचं.

आणखी एक गोष्ट फोटो सांगत नाही, ती म्हणजे चालता येईल का. सिनेमातला कपडा एका गाण्यापुरता असतो आणि नको तो भाग कापता येतो. आपल्या मुली स्टेजच्या पायऱ्या चढणार असतात. म्हणून अशा घट्ट साडीसाठी गुडघ्याचा घेर मुलगी सरळ उभी असताना घेऊ नका. तिला एक पाय पायरीवर ठेवायला सांगा आणि तेव्हा दोन्ही गुडघ्यांभोवती टेप फिरवा. कमीत कमी तेवढा घेर हवा. तो फोटोपेक्षा सैल दिसत असेल तर आतल्या शिवणीला खालून चीर ठेवा आणि वरचा काठ तिच्यावर येऊ द्या. हा बदलही वहीत लिहा, म्हणजे "फोटोसारखं नाही" असा वाद नंतर होत नाही.

वहीतली नोंद अशी हवी

आता आमच्या त्या एका ओळीच्या जागी काय लिहायला हवं होतं, ते पूर्ण देते.

बेत: शिवलेली साडी, घालून चेन लावायची. ब्लाउज बिनबाहीचा, खांद्याची पट्टी फोटोवरून चार बोटं. पदर आवरलेला. समोर निऱ्या नाहीत. कमरेखाली अंगालगत, काठ आडवे-तिरपे, एकाखाली एक. काठ ते काठ कंबर-घोटा लांबीचा चौथा भाग.

कापड: मऊ, पडीचं, मुठीवर टाकल्यावर सरळ लोंबणारं. अंगाला मंद चमक. काठ वेगळा, सोनेरी, ठळक चमकीचा. आरपार दिसू नये, नाहीतर अस्तर धरणे.

रंग: नारिंगी, थोडा पिवळ्याकडे, भडक, संत्र्याच्या सालीसारखा. भगवा नको. तुकडा जोडला आहे.

दिसत नाही: पाठीचा गळा (बाईंना विचारून बंद गळा ठरला). चेन डाव्या बाजूला. गुडघ्याचा घेर पायरीवर पाय ठेवून घेतला.

वर कोपऱ्यात, शोधायला सोपं जावं म्हणून, हवं तर लिहा "मुमताज फोटो". पण ती फक्त खूण. काम खालच्या चार ओळींवर होणार. यातली बोटं आणि भाग उदाहरणासाठी आहेत, तुमच्या फोटोवर तुम्ही मोजून भरा.

नोंद बरोबर झाली की नाही हे कापायच्या आधीच कळतं. ज्या ताईनं फोटो पाहिलेला नाही तिला नोंद वाचून दाखवा आणि पाटीवर किंवा कागदावर चित्र काढायला सांगा. चित्र सुंदर यायची गरज नाही. ती जिथे थांबून विचारेल, "काठ उभे की आडवे?", तिथे तुमच्या नोंदीत भोक आहे. ते भरा. मग फोटो आणि चित्र शेजारी ठेवा. काठ, गळा आणि बाही जुळली की कापड आणायला निघा.

पुढच्या बैठकीत सराव

दोन-दोन जणींच्या जोड्या करा. एकीनं मोबाईलवर कुठल्याही सिनेमाचा एक फोटो निवडायचा आणि दुसरीकडे पाठ करून बसायचं. नटीचं नाव घ्यायचं नाही, सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, "ती नेहमी घालते तसं" म्हणायचं नाही. फक्त बेत, कापड, रंग. दुसरीनं ऐकून चित्र काढायचं आणि तिला जे प्रश्न पडले ते लिहायचे. मग अदलाबदल करा. शेवटी सगळ्या जोड्यांचे प्रश्न एकत्र वाचा. जो प्रश्न तीन-चार जोड्यांत आला असेल, तो तुमच्या ऑर्डर वहीच्या पानावर कायमचा रकाना म्हणून आखून घ्या. आमच्या वहीत आता "समोर निऱ्या: हो / नाही" असा रकाना आहे. तो कुठून आला ते तुम्हाला माहीतच आहे.